मोटर ‘चालू झाली’ की ‘चालू केली’?

पत्र

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आहे. परवा रात्री रेच्यांखालच्या सरकीच्या स्क्रू कन्व्हेअरमध्ये चोक झाला. मीच फिटरला काढायला पाठवलं. तो झाकण उघडून हाताने सरकी काढत होता, तेवढ्यात पॅनेलवरून मोटर चालू झाली. त्याचा हात नेमका बाहेर होता म्हणून वाचला. कोणाला लागलं नाही. मॅनेजर साहेबांनी ईमेल पाठवायला सांगितलं आहे. मी असं लिहिलं: “पॅनेलवाल्याच्या निष्काळजीपणामुळे मोटर अचानक चालू झाली व मोठा अनर्थ थोडक्यात टळला.” पण पॅनेलवरचा पोट्टा आमच्याच गावचा, ठेकेदाराकडून आलेला. या एका वाक्याने त्याची रोजी जायची. नाव न टाकता, कोणावर न ढकलता, पण खरं तेच कसं लिहू? अन् साहेब म्हणतील की हे गोलमोल लिहिलं, तर?

उत्तर

तुमच्या वाक्यात गोलमोल जागा आहेच, पण ती ‘निष्काळजीपणा’ या शब्दाच्या पुढे आहे: ‘मोटर अचानक चालू झाली’. मोटर सहसा आपली आपण चालू होत नाही. हे वाचून साहेब उद्या वायरमनला बोलावतील, तो स्टार्टर उघडून शॉर्ट शोधत बसेल आणि काही सापडणार नाही, कारण मोटर बटण दाबून चालू केली गेली होती. दोष कुणाला द्यायचा नाही म्हणून करणाऱ्यालाच वाक्यातून काढून टाकायचं, ही मराठीतली सोपी पळवाट आहे. बटण दाबलं गेलं, झाकण उघडं राहून गेलं, निरोप पोचला नाही. अशा वाक्यांनी कुणी दुखावत नाही, आणि कुणाला काही कळतही नाही.

तेव्हा करणारा वाक्यात ठेवा आणि त्याच्या मनाबद्दलचा शब्द काढा. “पॅनेल ऑपरेटरने हिरवे बटण दाबले. स्क्रू फिरू लागला.” यात दोष नाही, फक्त कृती आहे. ‘निष्काळजीपणे दाबले’, ‘न बघता दाबले’, ‘विसरून दाबले’ यांतला पहिला शब्द तुम्ही पाहिलेला नाही, तो तुम्ही त्याच्या डोक्यात घातलेला आहे. आणखी काही शब्द असेच चोरपावलांनी दोष आणतात. ‘तरीही’, ‘चक्क’, ‘सांगूनसुद्धा’, ‘किमान’, आणि शेवटी चिकटलेला ‘च’. “त्याने विचारलेच नाही” आणि “ऑपरेटर व फिटर यांचे बोलणे झाले नव्हते” ही एकाच गोष्टीची दोन वाक्यं आहेत. पहिल्यात एक जण आरोपी होतो. दुसऱ्यात दोन माणसांमधला न जुळलेला दुवा दिसतो, आणि काम त्या दुव्यावरच करायचं आहे.

आता ईमेल लिहिण्याआधी पॅनेलसमोर दहा मिनिटं उभे राहा, कारण तुमच्या घटनेचा खरा मजकूर तिथे आहे. त्या पोराला शांतपणे एवढंच विचारा: “तेव्हा तुला पॅनेलवर काय दिसलं?” ‘असं का केलं’ असं विचारलं की माणूस सफाई द्यायला लागतो. ‘काय दिसलं’ म्हटलं की दिवा आठवतो. बहुतेक जिनिंगच्या पॅनेलवर काय होतं ते सांगतो, तुम्ही तुमच्या पॅनेलशी ताडून बघा.

कन्व्हेअरची मोटर चालू असली की कॉन्टॅक्टर ओढलेला असतो आणि हिरवा दिवा लागलेला असतो. तो दिवा तीन वेगवेगळ्या कारणांनी विझतो. गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज क्षणभर पडलं की कॉन्टॅक्टर सुटतो, दिवा विझतो. स्क्रूवर लोड आला आणि ओव्हरलोड रिले पडला, तरी दिवा विझतो. आणि फिटरने कन्व्हेअरजवळचं लाल बटण दाबलं, तरी तोच दिवा तसाच विझतो. ट्रिपसाठी वेगळा पिवळा दिवा नसेल, तर पॅनेलसमोर उभ्या माणसाला ही तिन्ही कारणं एकसारखी दिसतात. पहिल्या दोन कारणांत पुन्हा चालू करणं हे त्याचं रोजचं काम आहे, आणि घाईचं काम आहे, कारण रेचे चालू असताना सरकीचा कन्व्हेअर बंद राहिला की रेच्यांखाली सरकी साचत जाते. म्हणून त्याने रीसेट दाबलं आणि मग हिरवं बटण दाबलं. रिले पडलाच नव्हता म्हणून रीसेटने काहीच झालं नाही, पण हिरव्या बटणाने मोटर निघाली.

हे त्याच्या तोंडून आलं, तर ते ईमेलमध्ये त्याचं म्हणणं म्हणून जाईल. त्या पाळीत आधी किती वेळा कन्व्हेअर पुन्हा चालू केला, याची लॉगबुकात नोंद असेल तर ती बघा. रात्री नऊपर्यंत दोन वेळा व्होल्टेजमुळे चालू केल्याची नोंद सापडली, तर तुमच्या मेलमधलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य असेल. त्या पोराचा बचाव करायला तुम्हाला एकही शब्द खर्चावा लागणार नाही.

दुसरी बघायची वस्तू म्हणजे कन्व्हेअरजवळचं ते लाल बटण. दाबून सोडलं की ते वर येतं, का आत अडकून राहतं आणि फिरवूनच सुटतं? साध्या, वर येणाऱ्या बटणाने मोटर फक्त थांबते. बोट उचललं की कंट्रोलचं सर्किट पुन्हा जुळतं आणि पॅनेलवरचं हिरवं बटण लगेच काम करायला मोकळं होतं. गोल टोपीचं, आत अडकून राहणारं बटण असतं, तर पॅनेलवरून कितीही दाबलं तरी मोटर निघाली नसती. मात्र ईमेलमध्ये ‘असतं तर’ लिहू नका. “लाल बटण दाबून सोडल्यावर वर येणारे आहे” एवढंच लिहा. वाचणारा पुढचं स्वतः वाचतो.

आणि अडकणारं बटण आलं म्हणजे हात घालायला मोकळीक मिळाली, असंही समजू नका. ते फक्त कंट्रोलची तार तोडतं. मोटरची सप्लाय कॉन्टॅक्टरपर्यंत आलेलीच असते, आणि ते बटण दुसरा कुणीही फिरवून सोडवू शकतो. हात किंवा सळई आत जाणार असेल, तर पॅनेलवरचा त्या कन्व्हेअरचा मेन स्विच बंद, त्याच्या हँडलला कुलूप, किल्ली फिटरच्या खिशात, आणि त्यानंतर एकदा हिरवं बटण दाबून मोटर निघत नाही ना, याची खात्री. म्हणून तिसरी नोंद घ्यायची ती मेन स्विचची: त्या वेळी तो कोणत्या स्थितीत होता, हँडलला कुलूप घालायचं भोक आहे का, आणि पॅनेलजवळ कुलूप ठेवलेलं आहे का.

इथे लिहिण्याची एक बारीक गोष्ट आहे. ‘फिटरने मेन स्विच बंद केला नाही’ हे खरं असलं तरी ते न झालेल्या कामाचं वाक्य आहे, आणि न झालेल्या कामाची यादी काढायला बसलात तर ती कुठेही संपत नाही. ‘मेन स्विच चालू स्थितीत होता’ हे स्थितीचं वाक्य आहे. माहिती तीच, पण बोट माणसाकडून स्विचकडे वळतं. झाकणाचंही तसंच. ‘उघडे ठेवले’ असं लिहू नका. ‘झाकण काढलेले होते’ असं लिहा.

एका बाबतीत मात्र न झालेलं काम लिहावंच लागेल, आणि ते तुमचं स्वतःचं आहे. फिटरला तुम्ही पाठवलं. पॅनेलवर कोणी सांगितलं? सुपरवायझरने लिहिलेल्या अहवालांतून सुपरवायझरच गायब होतो, हा नेहमीचा अनुभव आहे. फिटर दिसतो, ऑपरेटर दिसतो, निरोप मात्र हवेतून गेलेला असतो. साहेब ‘गोलमोल’ म्हणतात ते याला. “मी फिटरला चोक काढायला सांगितले. पॅनेल ऑपरेटरला हा निरोप माझ्याकडून गेला नव्हता.” दोन वाक्यं, माफी नाही, कारण नाही. ही दोन वाक्यं तुम्ही स्वतःबद्दल लिहिलीत, म्हणजे बाकीच्यांबद्दलची वाक्यंही सरळ वाचली जातील.

नावाचं म्हणाल तर टाकू नका. ‘पॅनेल ऑपरेटर, दुसरी पाळी’ पुरेसं आहे. पण खोटा दिलासाही घेऊ नका. तुमच्या जिनिंगमध्ये त्या पाळीला पॅनेलवर एकच माणूस असतो आणि तो कोण हे फाटकावरच्या चौकीदारालाही ठाऊक असतं. हुद्दा लिहिल्याने तो लपत नाही. तो वाचेल तर वाक्याच्या बांधणीने वाचेल. हुद्दा लिहायचं कारण वेगळं आहे: उद्या त्या जागी दुसरा कोणी उभा राहील आणि त्यालाही तोच विझलेला दिवा दिसेल.

वेळ आणि अंतर यांत लोक फार घसरतात. मोबाइलचं घड्याळ, पॅनेलच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवरची वेळ या तिन्हींत सहज पाच-सात मिनिटांचा फरक असतो. सगळ्या वेळा एकाच घड्याळाने लिहा आणि कोणतं ते एकदा सांगा. नाहीतर साहेबांना वाटेल की ऑपरेटरने बटण आधी दाबलं आणि फिटर नंतर गेला. अंतर टेपने मोजा, पावलांनी नाही. फिटर कुठे उभा होता हे मोजायला त्याला पुन्हा तिथे उभं करणार असाल, तर आधी मेन स्विच बंद करून कुलूप घाला. घटनेची नक्कल करताना दुसरी घटना होऊ नये.

जे मोजता आलं नाही ते ‘अंदाजे’ म्हणून लिहा आणि अंदाज कोणाचा तेही लिहा. फिटर म्हणाला, “हात काहाडला अन् दोन-तीन सेकंदात फिरला ना भाऊ,” तर ते त्याचंच म्हणणं राहू द्या. त्याला ‘क्षणार्धात’ करू नका. क्षणार्ध मोजता येत नाही.

‘मोठा अनर्थ थोडक्यात टळला’ हे जिल्हा पानावरच्या बातमीचं वाक्य आहे. ईमेलमध्ये त्याच्या जागी एकच वाक्य द्या: हात आत असता तर कोणत्या भागाशी लागला असता आणि साधारण काय झालं असतं. साधंच सांगा, वर्णन नको. हे वाक्य वगळूही नका. ‘कोणाला लागलं नाही’ एवढंच वाचून मेल बाजूला पडतो, आणि मॅनेजरला किती घाई करायची ते याच वाक्यावरून ठरवायचं असतं.

खालचा मसुदा तुमच्या पत्रातल्या माहितीवर आणि वर सांगितलेल्या शक्यतांवर बांधला आहे. तारीख, वेळा, मापं, दिवे आणि नोंदी या नमुन्याच्या आहेत. जे तुमच्या पॅनेलवर खरं नाही ते ठेवू नका.

> विषय: निअर मिस नोंद – सरकी स्क्रू कन्व्हेअर, रेचा हॉल – १२ जानेवारी, दुसरी पाळी – इजा नाही
>
> सर,
>
> १२ जानेवारीला रात्री ९.१० च्या सुमारास रेचा क्र. ७ खालच्या सरकी स्क्रू कन्व्हेअरमधील चोक काढण्याचे काम चालू असताना पॅनेल ऑपरेटरने पॅनेलवरून कन्व्हेअरची मोटर सुरू केली. त्या वेळी फिटरचा हात कन्व्हेअरच्या बाहेर होता. कोणालाही इजा नाही. मशीनचे नुकसान नाही. खालील सर्व वेळा माझ्या मोबाइलच्या घड्याळाप्रमाणे आहेत. मिनिटे अंदाजे आहेत.
>
> घटनाक्रम
>
> ९.०० – रेचा क्र. ७ खाली सरकी तुंबलेली मला दिसली. मी फिटरला चोक काढायला सांगितले. पॅनेल ऑपरेटरला हा निरोप माझ्याकडून गेला नव्हता. रेचे चालू होते.
>
> ९.०४ – फिटरने कन्व्हेअरजवळचे लाल बटण दाबले. स्क्रू थांबला. त्याने झाकणाचे चार नट काढून झाकण बाजूला ठेवले व हाताने सरकी काढू लागला.
>
> ९.१० – फिटरने हात बाहेर काढला व सळई घेण्यासाठी वळला. याच सुमारास पॅनेल ऑपरेटरने रीसेट व नंतर हिरवे बटण दाबले. स्क्रू फिरू लागला. फिटरने लाल बटण पुन्हा दाबले. स्क्रू थांबला.
>
> हात बाहेर काढल्यापासून स्क्रू फिरेपर्यंत ‘दोन-तीन सेकंद’ गेले व स्क्रू ‘पाचेक सेकंद’ फिरला, असा फिटरचा अंदाज आहे. ही जागा कॅमेऱ्यात येत नाही.
>
> त्या वेळची स्थिती
>
> पॅनेलवरील कन्व्हेअरचा मेन स्विच चालू स्थितीत होता. त्याच्या हँडलला कुलूप घालण्यासाठी भोक आहे. पॅनेलजवळ कुलूप किंवा ‘काम चालू’ पाटी ठेवलेली नाही. चोक काढण्याची लेखी पद्धत रेचा हॉलमध्ये लावलेली नाही.
>
> कन्व्हेअरजवळचे लाल बटण दाबून सोडल्यावर वर येणारे आहे.
>
> पॅनेल व झाकण यांत १४ मीटर अंतर असून मध्ये भिंत आहे. पॅनेलसमोरून झाकणाची जागा दिसत नाही. रेचे चालू असताना हाक ऐकू येत नाही.
>
> पॅनेलवर ट्रिपचा वेगळा दिवा नाही. व्होल्टेज पडणे, ओव्हरलोड ट्रिप होणे व लाल बटण दाबणे या तिन्हींत हिरवा दिवा विझतो.
>
> पॅनेल ऑपरेटरचे म्हणणे: हिरवा दिवा विझलेला दिसला, ट्रिप झाला असे वाटले, म्हणून रीसेट करून चालू केला. लॉगबुकाप्रमाणे याच पाळीत ६.२० व ७.४५ ला व्होल्टेजमुळे थांबलेला कन्व्हेअर पुन्हा चालू केल्याची नोंद आहे.
>
> संभाव्य परिणाम: स्क्रू सुरू होताना हात आत असता तर तो स्क्रूचे पाते व कुंडी यांच्यामध्ये सापडून बोटे किंवा हात तुटण्याइतकी इजा होऊ शकली असती.
>
> त्याच रात्री केले: ९.१५ ला मेन स्विच बंद करून स्टोअरमधील कुलूप घातले, किल्ली फिटरकडे दिली. हिरवे बटण दाबून मोटर निघत नाही हे पाहिले. चोक काढून झाकण चारही नटांसह बसवले. ९.४० ला कन्व्हेअर सुरू केला. दोन्ही पाळ्यांच्या फिटरना व पॅनेल ऑपरेटरना कुलूप घालूनच झाकण उघडण्यास तोंडी सांगितले आहे.
>
> आपल्या निर्णयासाठी: (१) पॅनेलजवळ कायमची कुलुपे व पाट्या ठेवणे. (२) लाल बटण बदलून दाबल्यावर आत अडकणारे बसवणे. (३) ट्रिपसाठी वेगळा दिवा बसवणे. (४) रेचा क्र. १ ते ६ खालच्या बटणांचीही तपासणी करणे.
>
> फिटर व पॅनेल ऑपरेटर यांनी वरील मजकूर वाचला आहे.
>
> सोबत तीन फोटो: झाकणाची जागा, लाल बटण, पॅनेल.
>
> – सुपरवायझर, दुसरी पाळी

यात ‘कारण’ नावाचा परिच्छेद नाही, आणि तो मुद्दाम नाही. पहिल्या मेलमध्ये कारण लिहिलं की चौकशी तिथेच थांबते, आणि घाईने लिहिलेलं कारण नेहमी एखाद्या माणसाचं नाव असतं. दिवा, बटण, भिंत आणि निरोप या चार गोष्टी समोर मांडल्यात, त्यांतून कारण काढायचं काम साहेबांनी, फिटरने आणि वायरमनने एकत्र बसून करायचं. शेवटच्या चार सूचनाही म्हणूनच ‘निर्णयासाठी’ या मथळ्याखाली वेगळ्या आहेत. घटनाक्रमात एक जरी ‘पाहिजे’ शिरला, तर वाचणाऱ्याला घडलेलं कोणतं आणि तुमचं मत कोणतं हे वेगळं काढता येत नाही.

‘लेखी पद्धत लावलेली नाही’ हे वाक्य साहेबांना टोचेल, कारण ते त्यांच्याकडे जातं. ते काढू नका, पण ते ऑपरेटरच्या वाक्यांइतकंच कोरडं ठेवा. खालच्याला जो नियम लावला तोच वरच्याला. पद्धत लेखी असेल पण त्या रात्री पाळली गेली नसेल, तर तेही स्थितीच्या भाषेतच लिहा: कागद कुठे लावलेला आहे, त्यात काय म्हटलं आहे, आणि त्या रात्री त्यातलं कोणतं पाऊल झालं होतं.

पाठवायच्या आधी मसुदा फिटर आणि ऑपरेटर दोघांना वाचून दाखवा, शक्यतो एकत्र आणि चहाच्या वेळेला, पॅनेलसमोर उभं करून नाही. ऑपरेटर म्हणाला, “मी रीसेट नाही दाबलं, सरळ हिरवंच दाबलं,” तर त्याचं म्हणणं बदला. फिटर म्हणाला, “मी पॅनेलवर हात करून खूण केली होती,” आणि ऑपरेटर म्हणाला, “मला नाही दिसली,” तर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. खरं कोण बोलतं हे तुम्ही ठरवायचं नाही. खूण केली आणि दिसली नाही, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. मध्ये भिंत आहे. आणि ते वाचून झालं नसेल, तर ‘वाचला आहे’ ही ओळ मेलमध्ये ठेवू नका.

मेल फक्त मॅनेजर साहेबांना आणि तुमच्याकडे सुरक्षेचं काम पाहणारा कोणी असेल तर त्यांना. ठेकेदाराला प्रत पाठवू नका, त्याला काय कळवायचं ते मॅनेजर ठरवतील. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे फोटो टाकला की तासाभरात गावात ‘जिनिंगमध्ये हात तुटला’ अशी बातमी फिरते. फोटोंत माणूस नको, फक्त वस्तू. लाल बटणाच्या फोटोत शेजारी टेप धरा, आणि पॅनेलचा फोटो मोटर चालू असताना व बंद असताना असा दोनदा काढा, म्हणजे दिव्याची गोष्ट शब्दांशिवाय दिसेल. तसं केलंत तर शेवटच्या ओळीत ‘तीन’ऐवजी ‘चार फोटो’ करा.

शक्य तेवढ्या लवकर पाठवा, पाळी संपायच्या आत जमलं तर उत्तम. दोन रात्री गेल्या की ‘दोन-तीन सेकंद’ हे ‘अर्धा सेकंद’ होतं आणि सळई घ्यायला वळलेला फिटर गोष्टीतून नाहीसा होतो. तुम्हाला आधीच दोन दिवस झालेत, म्हणून मेलच्या सुरुवातीला एक ओळ घाला: “ही नोंद १४ जानेवारीला, फिटर व पॅनेल ऑपरेटर यांच्याशी त्या दिवशी बोलून लिहिली आहे.”

साहेबांनी फोन करून “कोण होता पॅनेलवर?” असं विचारलं, तर नाव सांगा. हजेरीपटावर ते आहेच, लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच फोनवर लगेच सांगा की रेचा क्र. १ ते ६ खालची लाल बटणं तुम्ही बघून आलात आणि त्यांतली किती वर येणारी निघाली. ती मोजायला कागद-पेन घेऊन रेच्यांच्या ओळीखालून एक फेरी पुरते. फोन यायच्या आधी ती मारून या.